सातच्या ठोक्याला रेंगाळणारे नेट

संध्याकाळी नेट रेंगाळले की छोट्या गावात कारण ठरलेले असते: सगळे घरी आले, व्हिडिओ लागले, लाइन भरली. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गर्दीची एक चाल असते. वापर हळूहळू चढतो, रात्री नऊ-दहाला माथ्यावर पोचतो आणि बाहेरून येणारी लाइन भरली की आलेख तिथेच सपाट होतो. आता असे प्रकरण धरू की एका गल्लीचे नेट रोज सातच्या ठोक्याला मंदावते, नऊला आपोआप सुधारते, रविवारी तक्रारच नसते आणि बाहेरची लाइन मात्र निम्मी रिकामी आहे. इथे आणखी बँडविड्थ विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेक्निशियनने ग्राहकाच्या घरून प्रोव्हायडरच्याच गेटवेला पिंग केले आणि पाकिटे तिथेच गळताना दिसली, म्हणजे दोष गावातच आहे. मग गल्लीतल्या स्विचचे पोर्ट एकेक करून पाहायचे. एका पोर्टवर आत येणारे ब्रॉडकास्ट सातला एकदम उसळलेले दिसतात. तो पोर्ट बंद केला की गल्ली मोकळी होते. त्या पोर्टची वायर एका खासगी क्लासमध्ये जाते. तिथला आठ पोर्टांचा साधा स्विच क्लास उघडल्यावरच सुरू होतो, आणि त्याच्यातच एका छोट्या केबलची दोन्ही टोके खोचलेली असतात. सुटे टोक दिसले म्हणून कोणीतरी ते रिकाम्या जागी बसवले, एवढेच.

एवढ्याशा केबलने गल्ली का अडते? आयपी पाकिटाला टीटीएल असतो. प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो आणि शून्यावर पाकीट टाकून दिले जाते. इथरनेट फ्रेमला अशी मर्यादाच नाही. ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी गेटवेची एक हाक त्या केबलमध्ये शिरली की ती फिरतच राहते आणि दर फेरीला तिची प्रत बाहेरही जाते. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १,४८,८०० मावतात. स्विचवर स्टॉर्म कंट्रोल असेल तर हा पूर आटोक्यात राहतो, म्हणून नेट बंद पडत नाही. तरी परतलेल्या हाकेवर गेटवेचाच मॅक पत्ता असतो. गेटवे क्लासकडे आहे, असे गल्लीतला स्विच समजतो आणि शेजाऱ्यांची पाकिटे तिकडे धाडतो. गेटवेकडून खरी फ्रेम आली की सुधारतो, पुन्हा फसतो. लॉगमध्ये तोच पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारताना दिसतो. ग्राहकाला मात्र नेट नुसते ‘स्लो’ वाटते.

यावर कोणी म्हणेल, स्पॅनिंग ट्री कशासाठी आहे? रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत तो उपाय रचला आणि तो उत्तमच आहे. पण स्वस्त साध्या स्विचमध्ये तो नसतो. प्रोव्हायडरच्या स्विचवर असला, तरी त्याची चाचणी-फ्रेम क्लासमधून फिरून परत यावी लागते, आणि काही साधे स्विच ती मधेच गिळतात. त्यामुळे ग्राहकाकडच्या प्रत्येक पोर्टवर लूप डिटेक्शनही हवे. त्याची फ्रेम सहसा साध्या ब्रॉडकास्टसारखी जाते, परत आली की तो एकच पोर्ट बंद होतो, आणि बाकी गल्लीला सात वाजल्याचे कळतही नाही.