मुहूर्त उंबऱ्याचा, पंगत पूर्णाहुतीची

वास्तुशांतीचे आमंत्रण हाती आले, की मी आधी त्यावरची वेळ पाहते. ‘सकाळी 8.40’ असे ठळक छापलेले असले, की समजावे, या घरात साठ माणसे पावणेनऊला येणार, दीडपर्यंत उपाशी बसणार आणि यजमानीणबाई होमापुढे बसून डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खुणा करणार! गुरुजींनी दिलेला मुहूर्त सगळ्या दिवसाचा असतो, ही आपल्याकडची मोठी गैरसमजूत आहे. मुहूर्त असतो तो उंबरा ओलांडण्याचा. जेवण अवलंबून असते पूर्णाहुतीवर, आणि या दोहोंत चांगले चार तास जातात.

माझ्या भाचीने डोंबिवलीला दोन खोल्या-स्वयंपाकघराचा ब्लॉक घेतला, तेव्हा वास्तूची आखणी माझ्याकडे आली. आमच्या घराण्यातल्या बऱ्याच वास्तू मी पार पाडलेल्या. म्हणून गुरुजींकडे जाताना तिने मला बरोबर घेतले. माघातला शनिवार ठरला होता. गुरुजी म्हणाले, “प्रवेश 8.40 ते 9.20.” झाले! विहीणबाईंचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारचा राहुकाळ नऊ ते साडेदहा. अर्धा मुहूर्त राहुकाळात जातो की!

गुरुजींनी कागद पुढे ओढला. “काकू, कॅलेंडरातले ते नऊ-साडेदहा सूर्य सहाला उगवतो असे धरून लिहिलेले. राहुकाळ म्हणजे दिवसमानाचा आठवा भाग, आणि शनिवारी तो तिसरा. माघात सूर्य उगवतो सव्वासातला, मावळतो साडेसहाला. म्हणजे आठवा भाग झाला चौऱ्यांशी मिनिटांचा. दोन भाग सोडा. राहुकाळ दहा वाजून गेल्यावर लागतो.” विहीणबाईंनी बोटांवर पुन्हा हिशेब केला आणि मग हसल्या. “पण मग पूजा चालू असतानाच राहुकाळ येणार!” त्यावर गुरुजी म्हणाले, “आरंभ त्याच्या आधी झाला, की चाललेले कर्म थांबवायचे नाही.” म्हणून ठरले, की संकल्प काही झाले तरी साडेनऊच्या आत सुटायचा.

मी गुरुजींना आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रत्येकीने विचारावा असा आहे: “पूर्णाहुती कधी?” गुरुजींनी सांगितले, साडेबारा, फार तर पाऊण. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध यांना तासभर. वास्तुमंडल आणि नवग्रह मांडायला आणि त्यांच्या पूजेला पाऊण तास. मग हवन, बळी आणि निक्षेप. एकटे गुरुजी असले तर याला वेळ लागतो, जोडीला दुसरे असले तर मंडल आधीच मांडून होते. आमचे दोघे येणार होते.

आता स्वयंपाकघर. नव्या घरात प्रवेश झाल्यावर पहिली शेगडी पेटते ती दूध उतू घालायला. त्याच्या आधी तिथे चहासुद्धा नाही, असे आमच्याकडे पाळतात. त्यामुळे साठ माणसांचा स्वयंपाक त्या शेगडीवर होणे नाही. तो आचाऱ्याकडून यायचा. पण दोन गोष्टी घरातच शिजल्या पाहिजेत. एक नैवेद्य, दुसरा होमाचा आणि बळीचा भात. आणि घोटाळा होतो तो या भातानेच. तो लागतो अकराच्या सुमारास, पंगतीच्या खूप आधी. तो अळणी, मोकळा आणि निवलेला हवा; आचाऱ्याकडचा मीठ-तूप घातलेला भात चालत नाही. गुरुजी “भात आणा” म्हणतात आणि तेव्हा कुणीतरी तांदूळ धुवायला घेते. मग सगळे अर्धा तास धुरात बसून राहतात. आम्ही दूध उतू गेल्यागेल्या, सव्वानऊला, त्याच शेगडीवर हा कुकर चढवला. जाऊबाईंना दुसरे काम ठेवलेच नव्हते.

पाहुण्यांचे मी तीन भाग केले. उंबऱ्यावर हवीत ती घरची अकरा माणसे: कलश घेणारी, देव घेणारा, समई घेणारी आणि थोरली मंडळी. त्यांना तोंडी सांगितले, आठ वाजता. बाकी नातलग आणि मित्रमंडळी यांच्या पत्रिकेवर मुहूर्त छापलाच नाही. ‘तीर्थप्रसाद दुपारी 12.30 ते 2.30’ एवढेच. आणि इमारतीतले शेजारी, ऑफिसातली मंडळी संध्याकाळी सहा ते आठ, पेढा, चिवडा आणि कॉफीला. विहीणबाई म्हणाल्या, “लोकांना वाटेल, पूजेला बोलावले नाही.” मी म्हटले, “दहा बाय सोळाच्या दिवाणखान्यात होमकुंड, मंडल, दोन गुरुजी आणि यजमान बसल्यावर उरते काय? शिवाय हवन चालू असताना पंखा बंद!” ठिणगी उडू नये म्हणून पंखा बंदच ठेवावा लागतो, आणि कुंडाखाली विटा व दोन बोटे वाळू पसरली नाही, तर नवी फरशी तडकते. ज्यांच्या उंच इमारतींत धुराची घंटा बसवलेली असते, त्यांनी आदल्या दिवशी सोसायटीच्या माणसाला सांगून ठेवावे.

खरी अडचण होती आजेसासूबाईंची. वय ऐंशीच्या पुढे, रोज इन्शुलिन, आणि हट्ट असा, की नैवेद्य झाल्याशिवाय घास घेणार नाही. भाची रडकुंडीला आली. मी तो प्रश्नही त्याच बैठकीत गुरुजींपुढे ठेवला होता, त्यांच्यादेखतच. गुरुजी म्हणाले, “उपास आसनावर बसणाऱ्या दोघांना. आजी, तुम्ही आशीर्वाद द्यायला. तुम्ही उपाशी राहू नका.” नाश्ता त्यांनी जुन्या घरी करून निघायचे, आणि साडेबाराचे जेवणही जुन्या घरूनच डब्यात यायचे ठरले. नैवेद्याचे ताट कुणी शिवले नाही आणि आजींची वेळही टळली नाही. जोडप्याला दूध चालेल का, तेही तेव्हाच विचारून घेतले. आमच्या गुरुजींनी हो म्हटले, सगळेच म्हणतील असे नाही.

एक पाहुणा मात्र सगळे विसरतात: गवंडी! आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा ठेवायची, तर तिथली फरशी आधी काढून खळगा तयार हवा. आम्ही ती फरशी मुद्दाम सैल ठेवली होती. निक्षेपानंतर गुरुजींनी ती वर ठेवली, आणि गवंड्याला चारची वेळ दिली. सकाळीच बोलावला असता, तर बिचारा चार तास जिन्यात बसला असता.

प्रत्यक्षात पूर्णाहुती झाली बाराला पस्तीस मिनिटांनी. मग आरती, नैवेद्य, आशीर्वाद. आणि आहेर! माहेरचे, सासरचे, मामाचे, आत्याचे. प्रत्येकाचे कुंकू, प्रत्येकाची साडी, प्रत्येकाचा फोटो. याला मी पंचवीस मिनिटे धरली होती. कुणाच्याच कागदावर ती नसतात. तेवढ्यात आचाऱ्याची भांडी वर आलेली होती, कारण सहा माणसांच्या लिफ्टमधून पाहुणे आणि पातेली एकदम चढत नाहीत; त्याला पावणेबाराच सांगितले होते. पहिले पान गुरुजींचे, कारण त्यांना तीनला कल्याणात दुसरी वास्तू होती. सव्वाला पंगत बसली. आजी तोवर जेवून आतल्या खोलीत पडल्या होत्या, आणि येणारी प्रत्येक सून आधी तिकडेच जाऊन नमस्कार करत होती.

चारला गवंडी आला. पांढऱ्या सिमेंटने त्याने फरशीच्या सांधी भरल्या, बोटाने पुसून घेतल्या आणि सहापर्यंत त्यावर कुणी पाय देऊ नका, असे बजावले. विहीणबाईंनी त्या कोपऱ्यात पाट आडवा ठेवला आणि त्याला पेढा दिला.