तुकाराम बीज : १६४९ की १६५०?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तुकोबांच्या वैकुंठगमनाचे साल अनेकदा १६४९ लिहिलेले दिसते. परंपरेने सांगितलेली तिथी आहे फाल्गुन वद्य २, शके १५७१. विद्यार्थी त्यात ७८ मिळवतात आणि चुकतात. शक पाडव्याला बदलतो, पण इंग्रजी साल पौषाच्या सुमारास. त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. साल येते १६५०.

दिवस काढताना उत्तरेकडचे पंचांग हाती आले, तर आणखी गोंधळ. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला फाल्गुन वद्य पक्ष त्यांच्याकडे चैत्र कृष्ण होतो. दिवस तोच, महिन्याचे नाव वेगळे. पुस्तकांत ९ मार्च दिसतो तो ज्युलियन. ग्रेगोरियन पद्धतीने १९ मार्च. तारखेपुढे पद्धत लिहायलाच हवी, नाहीतर दोन्हींत विनाकारण वाद दिसतो.

शिवकालीन देवस्थानांच्या सनदांत राज्याभिषेक शक असेल, तर जास्तच जपावे. तो पाडव्याला नव्हे, ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो. म्हणून शके १६०२ च्या चैत्रात राज्याभिषेक शक ६ च असतो, ७ नाही. माझ्या मते वहीत आधी मूळ मिती जशीच्या तशी उतरवावी, रूपांतर तिच्या शेजारी लिहावे.