कवळी टोचते कुठे, दुखतं कुठे

आजीचा घसा आठवडाभर दुखत होता. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या. पण ताप नाही, खोकला नाही. दुखायचं ते गिळताना, आणि नवी कवळी काढून ठेवली की कमी व्हायचं. चोर तिथेच होता. खालच्या कवळीची जिभेकडची मागची कड जास्त लांब राहिली, तर प्रत्येक घोटाला ती घशाजवळच्या मऊ भागात रुतते. दंतवैद्यांनी पेस्ट लावून नेमकी रुतणारी जागा शोधली आणि तेवढीच घासली. हा उद्योग घरी कानशीने करू नये, कवळी कायमची बिघडते. दाखवायला जाण्याआधी मात्र दिवसभर ती घालावी, म्हणजे लाल व्रण नीट दिसतो. कवळी न घालताही व्रण 2 आठवड्यांत भरला नाही, तर लगेच तपासून घ्यावं. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.