सापळ्यांच्या नोंदी आणि तारखांचा क्रम

गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांच्या नोंदी विदर्भातून दिल्लीस पाठविताना तारीख बहुधा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिली जाते. अमेरिकी क्रमावर बेतलेला संगणक मात्र पहिला आकडा महिन्याचा मानतो.

समजा, साप्ताहिक नोंदी `29/07/2025`, `05/08/2025`, `12/08/2025` आणि `19/08/2025` अशा आहेत. अशा संगणकावरील एक्सेल दुसरी नोंद ८ मे, तर तिसरी ८ डिसेंबर अशी वाचते. २९ वा किंवा १९ वा महिना नसल्याने उरलेल्या दोन नोंदी मजकूर म्हणून स्तंभात डावीकडे राहतात. काही तारखा डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या, की गफलत ओळखावी आणि मूळ फाइलकडे परतावे. तारखांचा स्तंभ `Text` म्हणून आयात करून शेजारी पुढील सूत्र द्यावे:

```
=RIGHT(A2,4)&"-"&MID(A2,4,2)&"-"&LEFT(A2,2)
```

दिवस व महिना दोन अंकी असतील तरच ते चालते. `5/8/2025` आधी `05/08/2025` करून घ्यावे.

मात्र एखाद्याने महिनाच आधी लिहिला असेल, तर सूत्राला ते कळत नाही. दोन्ही आकडे १२ पर्यंतचे व परस्परांहून भिन्न असलेली प्रत्येक नोंद संदिग्ध होय. वर्षात अशा १३२ तारखा येतात. त्यांवर खूण करून शेजारच्या नोंदींशी सात दिवसांचे अंतर जुळते का, ते पाहावे. मे महिन्यात कोरडवाहू कपाशीची पेरणीही झालेली नसते, हाही पुरावाच. तरीही उलगडा न झाल्यास नोंद घेणाऱ्यास विचारावे. तर्काने तारीख भरू नये.