आधी काना, मग वेलांटी

बाराखडी खडखडीत म्हणून दाखवणारे मूल ‘काम’ हा दोन अक्षरांचा शब्द पुढे येताच अडखळते, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. ‘क, का, कि, की’ हे त्याला इतके तोंडपाठ असते की वडीलधाऱ्यांना वाटावे, वाचन आता आलेच. परंतु पाठ म्हणताना मुलाची नजर अक्षरावर नसते. पुढचा उच्चार कोणता, हे त्याला क्रमावरून ठाऊक असते. बाराखडी हा स्वरांचा कोष्टक आहे आणि कोष्टक म्हणून तो अगदी रेखीव आहे. मात्र कोष्टकाचा क्रम आणि वाचन शिकवण्याचा क्रम एकच असला पाहिजे, असे नाही. मराठी वाचनाच्या सरावाचा कागद घरी तयार करावयाचा झाल्यास स्वरचिन्हे कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि तो क्रम का धरावा, एवढाच येथे विचार केला आहे.

पहिली अडचण चिन्हांच्याही आधीची आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षरात ‘अ’ मुरलेला असतो. ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे सुटी उच्चारली की त्यांतील ‘अ’ स्पष्ट ऐकू येतो. पण ‘घर’ या शब्दात शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ मराठी माणूस उच्चारीत नाही. लिहावयाचे ‘घर’ आणि म्हणावयाचे ‘घर्’, अशी ही रीत आहे. म्हणून मूल ‘घ’, ‘र’ असे सुटे वाचून ते जोडू लागले की ‘घरऽ’ असा लांबलेला शब्द तयार होतो आणि तो त्याच्या ओळखीचा नसतो. यावर उपाय सोपा आहे. वडिलांनी पहिले अक्षर ताणून धरावे आणि शेवटचे त्यावर झटकन टेकवावे: ‘घऽऽर्’. नियम सांगू नये. दहापाच शब्द असे ऐकले की मुलाचा कान आपोआप तयार होतो, कारण बोलताना ते हेच करीत असते.

पहिल्या कागदासाठी सगळी व्यंजने लागत नाहीत. क, म, न, र, स, ब, घ आणि ळ ही आठ अक्षरे पुरेशी आहेत. ब आणि व, घ आणि ध, म आणि भ या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जोड्यांतले एकेकच अक्षर त्यांत घेतले आहे. च, ज, झ ही अक्षरे मुद्दाम बाजूस ठेवली आहेत. ‘चाक’ आणि ‘चहा’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहिले, तर एका अक्षराचे दोन उच्चार कसे होतात हे ध्यानात येईल. आठ अक्षरांतून एकही चिन्ह न लावता घर, नळ, रस, मन, कर, बस, कळ, बळ हे शब्द मिळतात, आणि पुढे कमळ, सरळ, कळस हे तीन अक्षरी शब्दही मिळतात.

यानंतर पहिले चिन्ह काना. तो अक्षराच्या उजव्या अंगाला उभा राहतो, म्हणजे डोळा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने उच्चारही पुढे सरकतो. शिवाय ‘कर’ आणि ‘करा’ यांतील फरक मुलाच्या कानाला आधीच ठाऊक असतो. कान्यामुळे तो आता डोळ्यांना दिसू लागतो. कान्याचा कागद पुढीलप्रमाणे करावा. अक्षरे बोटाच्या पेराएवढी उंच असावीत आणि दोन शब्दांमध्ये दोन बोटांचे अंतर असावे.

पहिली ओळ: म मा, स सा, न ना, क का, ब बा
दुसरी ओळ: कर करा, कळ काळ, मन मान, घर घार
तिसरी ओळ: नाक, कान, काम, बाळ, माळ, घास
चौथी ओळ: मामा, बाबा, मासा, काळा, मळा, नारळ
पाचवी ओळ: बाबा, काळा मासा बघा.

पहिल्या ओळीत म, स, न आधी घेण्यास कारण आहे. हे ध्वनी लांबवता येतात, त्यामुळे एका उच्चारातून दुसऱ्यात जाणे सोपे होते. दुसऱ्या ओळीतले जोडशब्द हा कागदाचा गाभा होय. तेथे एका चिन्हाने शब्द पालटतो, म्हणून मुलाला ते चिन्ह पाहावेच लागते. वाचताना ‘क ला काना का’ असे म्हणवून घेऊ नये. काना, वेलांटी, मात्रा ही नावे लिहावयास शिकवताना उपयोगी पडतात. वाचताना ती मध्ये आली की ‘काम’ या दोन उच्चारांच्या शब्दात पाचसहा उच्चारांची भर पडते आणि शब्द हरवून जातो. अक्षराखालून बोट फिरवीत एकदम ‘का’ म्हणावे.

दुसरे चिन्ह कोणते, येथे बाराखडीशी फारकत होते. बाराखडीत कान्यानंतर पहिली वेलांटी येते. ती लिहिली जाते अक्षराच्या डावीकडे आणि उच्चारली जाते अक्षराच्या नंतर. ‘सरिता’ या शब्दात वेलांटी ‘स’ आणि ‘र’ यांच्या मध्ये उभी असते. नुकतेच वाचू लागलेले मूल ती ‘स’ला चिकटवून ‘सिरता’ वाचते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचावे, ही जी शिस्त त्याला कालच लावली, तिचेच ते पालन करीत असते. म्हणून कान्यानंतर दुसरी, म्हणजे दीर्घ वेलांटी घ्यावी. ती कान्याप्रमाणेच उजवीकडे असते आणि तिचे शब्दही हवे तितके सापडतात, कारण मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो. ‘आणि’सारखे अपवाद थोडे आहेत. मी, बी, मामी, काकी, काळी, कळी, सरी, नीळ, कीस, बारीक एवढे शब्द त्याच आठ अक्षरांतून होतात. याच वेळी ‘आई’ हा शब्द दाखवून आ आणि ई हे सुटे स्वर ओळखीचे करून द्यावेत.

तिसरी मात्रा: केस, केर, रेघ, मेघ. चौथे चिन्ह ओकार. काना आणि मात्रा दोन्ही ओळखीची झाली असल्यामुळे त्याचे रूप नवे वाटत नाही. फक्त त्याचा उच्चार मात्र ‘आ’ आणि ‘ए’ यांची बेरीज नव्हे, हे मोर, बोर, कोन, कोळी या शब्दांतून ऐकवावे. पाचवा दीर्घ उकार: मूळ, सूर, सासू. तो अक्षराच्या खाली असल्याने बोट किंचित वर धरावे लागते, नाही तर चिन्ह झाकले जाते. ‘रू’ आणि पुढे ‘रु’ यांत उकार खाली नसून कुशीत असतो, म्हणून ही दोन अक्षरे निराळी दाखवावीत.

येथवर पाच चिन्हे झाली, मुलाची नजर स्थिरावली. आता पहिली वेलांटी आणावी. आरंभी ती शब्दाच्या पहिल्याच अक्षराला असावी, म्हणजे मागच्या अक्षराला चिकटण्याचा प्रश्न उरत नाही: निळा, मिरी, बिबा, किनारा, मिसळ. नंतर ऱ्हस्व उकार: मुळा, सुरी. ऱ्हस्व आणि दीर्घ यांची जोडी एकत्र शिकवू नये. दोन सारख्या वस्तू एकाच वेळी पुढे आल्या की दोन्हींचा घोटाळा होतो. शिवाय बोलताना हा फरक मुलाच्या कानाला क्वचितच ठळक जाणवतो. त्यासाठी नीळ आणि निळा, मूळ आणि मुळा असे शब्द शेजारी मांडावेत. शेवटच्या अक्षराला चिन्ह नसेल तर आधीचे अक्षर लांबते, शेवटी काना आला की ते आखडते, हे मूल स्वतःच म्हणून पाहील. गुण, विष यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या रीतीत बसत नाहीत. ते पहिल्या कागदांवर नसावेत. दोन मात्रांचे ऐकार व औकार, मग अनुस्वार, हे सर्वांच्या शेवटी.

एक खाचखळगा मात्र तयार पुस्तकांतही सहसा ध्यानात घेतलेला नसतो. ‘बकरी’ हा शब्द सोपा दिसतो, परंतु म्हणताना मधल्या ‘क’मधला ‘अ’ गळतो आणि ‘बक्री’ असा उच्चार होतो. बासरी, मासळी, चिमणी, खिडकी यांचेही तसेच. उलट नारळ, कमळ यांत मधला ‘अ’ पूर्ण उच्चारला जातो. तीन अक्षरी शब्द, मधले अक्षर चिन्हावाचून आणि शेवटचे चिन्हासह, अशी रचना दिसली की तो शब्द पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवावा.

मूल खरोखर वाचते आहे की आठवून सांगते आहे, हे कसे ओळखावे? एक तर कागदावर चित्र काढू नये. चित्रातली घार पाहून ‘घार’ म्हणणे हे वाचन नव्हे. दुसरे, ओळीतील शब्दांची क्रमवारी रोज बदलावी. तिसरे, ‘मबा’, ‘सानी’, ‘घोमा’ असे दोनतीन निरर्थक शब्द गंमत म्हणून घालावेत. ते जर मुलाने न अडखळता वाचले, तर चिन्ह त्याच्या हाती आले. कधी न पाहिलेल्या दहा शब्दांपैकी आठ सरळ वाचता येईपर्यंत पुढच्या चिन्हाकडे जाऊ नये, मग त्यास चार दिवस लागोत की पंधरा.

घरातील जुनी पुस्तके या सरावास देताना थोडे जपावे. १९६२ साली लेखनाचे नवे नियम रूढ झाले. त्यापूर्वीच्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘केलें’ अशा शब्दांवर, उच्चार होत नसतानाही, टिंब दिलेले आढळते. प्रत्येक चिन्हाला आवाज असतो, हे ज्या मुलाला नुकतेच उमगले आहे, त्याने हे टिंब कसे वाचावे? ती पुस्तके त्याने दोन वर्षांनी आपणहून कपाटातून काढावीत. तोवर आठ अक्षरे, एक चिन्ह आणि रोजची दहा मिनिटे एवढी सामग्री पुरेशी आहे. आणि बाराखडी म्हणावयाचीच असेल, तर ती सर्व चिन्हे वाचता येऊ लागल्यावर म्हणावी. तेव्हा तिच्यातला क्रम मुलाला पाठ करावा लागणार नाही, तो दिसेल.