रागावलेली ती, लाल ड्रेसवाली ती आणि एक सही

मैत्रिणींनो, तो फोटो तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेला असणार. रस्त्यात एक तरुण मैत्रिणीचा हात धरून चाललाय, पण मान मात्र मागे वळलीय, समोरून गेलेल्या लाल ड्रेसवालीकडे. आणि मैत्रीण त्याच्याकडे असं बघतेय की विचारू नका! मग कुणी तरुणावर लिहितं 'मी', रागावलेल्या मुलीवर 'घरचा डबा' आणि लालवालीवर 'मिसळ'. आपण हसतो आणि पुढच्या ग्रुपवर पाठवून मोकळ्या होतो.

पण त्या बिचारीच्या संसाराचं पुढे काय झालं? काहीच नाही, कारण तिघंही मॉडेल आहेत. अँटोनियो गिलेम नावाच्या स्पॅनिश फोटोग्राफरने २०१५ मध्ये स्पेनमधल्या जिरोना गावात हा फोटो काढला. त्यानेच नंतर सांगितलं, की चेहऱ्यावर खरे वाटतील असे भाव आणणं अवघड गेलं, कारण कुणीतरी एकजण सारखं हसत होतं. म्हणजे तो जळजळीत राग हसू दाबून आणलेला!

असे फोटो 'स्टॉक फोटो' म्हणून विकले जातात. फोटोग्राफर ते एखाद्या वेबसाईटवर ठेवतो आणि ज्याला जाहिरातीसाठी, लेखासाठी हवा तो पैसे भरून वापरण्याचा परवाना घेतो. मात्र जाहिरातीसाठी फोटो विकायचा, तर त्यातल्या माणसाची सही असलेला एक कागद लागतो. त्याला 'मॉडेल रिलीज' म्हणतात. 'माझा फोटो व्यापारी कामासाठी वापरायला माझी संमती आहे,' असं त्यात लिहिलेलं असतं. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर आईवडिलांची सही लागते. असा कागद नसेल, तर फोटो फार तर बातमीसाठी, लेखासाठी देता येतो.

आता हा कागद नसला तर काय होतं, ते आपल्याच महाराष्ट्रात बघा. खेड्यातल्या एका बाईचा फोटो ओळखीच्या फोटोग्राफरने काढला. तिचं म्हणणं असं, की तिला न विचारताच तो 'शटरस्टॉक' या अमेरिकन वेबसाईटवर चढवला गेला. पुढे तो चेहरा वेगवेगळ्या सरकारांच्या जाहिरातींत झळकला. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने प्रकरण गंभीर आहे असं म्हणत केंद्र सरकार, महाराष्ट्रासह चार राज्यं आणि त्या वेबसाईटला नोटिसा काढल्या. जाहिरात करणाऱ्याला ती बाई कोण, कुठली, हे माहीतही नसतं. त्याला फक्त 'गावाकडची हसरी बाई' हवी असते.

आपण काही मॉडेल नाही, मग आपला काय संबंध? आहे ना! समजा, मुलीच्या लग्नाचे फोटो काढायला तुम्ही पुण्याचा फोटोग्राफर ठरवला आणि त्याला ठरलेले पैसे दिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर त्याची मालकी पैसे देणाऱ्याची. फोटोग्राफरची नव्हे! पण पुढे एक मेख आहे: 'वेगळा करार नसेल तर'. म्हणून बुकिंगच्या कागदावरचा बारीक मजकूर वाचायचा. फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील, असं वाक्य सापडलं आणि ते नको असेल, तर सहीच्या आधी खोडायला सांगायचं. नंतर नाही.

जत्रेत, हळदीकुंकवात कुणी फुकट काढलेल्या फोटोचं मात्र वेगळं. तिथे मालकी साधारणपणे काढणाऱ्याची असते. पण फोटोचा मालक असणं वेगळं आणि आपला चेहरा जाहिरातीला विकणं वेगळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. गंमत म्हणजे रागावलेल्या मुलीचा तो फोटो जगभर पसरला, तोही त्याच महिन्यात!

आपला फोटो कुठे फिरतोय, हे गूगल लेन्सवर तो फोटो टाकून शोधता येतं. सगळंच सापडेल असं नाही. जाहिरातीत चेहरा कापून दुसऱ्या चित्रावर बसवला असेल, तर निसटूही शकतो. सापडलाच, तर आधी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, मगच तक्रार करायची. कारण कुणकुण लागली की पान गायब होतं आणि हातात पुरावा उरत नाही.

जिरोनातली ती मुलगी रागावली, ती कामाचा भाग म्हणून. आपल्या गावातल्या बाईला मात्र खरोखर रागवावं लागलं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.