तीन म्हणजे किती?

दाढ काढल्यावर भूल उतरली की ठणका सुरू होतो. समजा, त्यावरच्या दोन गोळ्यांची तुलना करायची आहे. अकरा रुग्णांना पहिली गोळी दिली, दुसऱ्या अकरांना दुसरी. चार तासांनी प्रत्येकाला विचारले, दुखणे कितपत आहे? उत्तरासाठी पाच पर्याय दिले: मुळीच नाही, थोडे, मध्यम, खूप, असह्य. संगणकात भरताना त्यांना १ ते ५ असे आकडे दिले, कारण बहुतेक सगळे तसेच देतात.

पहिल्या गटात तिघे म्हणाले ‘थोडे’, सहा जण ‘मध्यम’ आणि दोघे ‘खूप’. दुसऱ्या गटात उत्तरे विखुरलेली आली. तिघांना मुळीच दुखत नव्हते, तिघांना थोडे, एकाला मध्यम, दोघांना खूप आणि दोघांना असह्य. आकड्यांची बेरीज करून अकराने भागले, तर पहिल्या गटाची सरासरी २.९१ येते आणि दुसऱ्याची २.७३. म्हणजे दुसरी गोळी किंचित सरस.

आता शब्द तेच ठेवू, रुग्णही तेच, उत्तरेही तीच. फक्त आकडे बदलू. ‘मुळीच नाही’ला शून्य देणे गैर नाही. ‘थोडे’ला १, ‘मध्यम’ला ३, ‘खूप’ला ६ आणि ‘असह्य’ला १०. असह्य दुखणे सोसलेला माणूस हे आकडे पाहून उलट म्हणेल, की आधीच्या १ ते ५ पेक्षा हेच खरे. आता पहिल्या गटाची सरासरी ३ येते आणि दुसऱ्याची ३.४५. पहिली गोळी सरस ठरली.

एकाही रुग्णाने उत्तर बदललेले नाही आणि निष्कर्ष मात्र उलटला. तो रुग्णांच्या दुखण्यातून आलेलाच नव्हता, आपण शब्दांवर डकवलेल्या आकड्यांतून आला होता. मोजमापाच्या चार पातळ्यांचा सगळा विचार या एका अडचणीतून सुटण्यासाठी आहे.

तो विचार मांडला हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी, जून १९४६ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात. त्यामागे एक जुने भांडण होते. माणसाच्या संवेदना मोजता येतात का, हे ठरवण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने १९३२ साली एक समिती नेमली होती. तिच्यात भौतिकशास्त्रज्ञ होते, तसे मानसशास्त्रज्ञही. वादाच्या केंद्रस्थानी होती ती स्टीव्हन्स यांनीच सहकाऱ्यांबरोबर तयार केलेली, आवाज किती मोठा वाटतो हे मोजणारी ‘सोन’ ही मापनपट्टी. समितीचा शेवटचा अहवाल १९४० मध्ये आला, पण एकमत झाले नाही. दोन लांब्या एकापुढे एक ठेवून बेरीज करता येते, तशी संवेदनांची करता येत नाही, मग ते मोजमाप कसले, असे एका बाजूचे म्हणणे होते.

स्टीव्हन्स यांनी प्रश्नच बदलला. ठरावीक नियमाने वस्तूंना आकडे दिले की मोजमाप झाले, असे त्यांनी धरले. मग विचारले, हे आकडे किती बदलले तरी त्यांतली माहिती शाबूत राहते? जेवढी बदलायची मोकळीक जास्त, तेवढी त्या आकड्यांत माहिती कमी. आणि जे गणित त्या मोकळिकीत टिकत नाही, ते त्या आकड्यांवर करायचे नाही.

सर्वांत जास्त मोकळीक नामश्रेणीत असते. रक्तगटांना १, २, ३, ४ असे क्रमांक दिले, तर ते कसेही अदलाबदल करता येतात, फक्त दोन वेगळ्या गटांना एकच आकडा द्यायचा नाही. इथे मोजणी करावी, सर्वाधिक आढळणारा गट म्हणजे बहुलक सांगावा, दोन वर्गीकरणांचा संबंध तपासायचा तर काय-वर्ग चाचणी लावावी. रक्तगटांची सरासरी २.३ आली, हे विधान कोणाबद्दलच नसते.

त्यावरची क्रमश्रेणी. इथे लहानमोठेपणा कळतो, पण पायऱ्यांची उंची कळत नाही. आपले दुखण्याचे पाच शब्द याच जातीचे. भूगर्भशास्त्रातले याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रिडरिख मोह्स यांची १८१२ सालची खनिजांच्या काठिण्याची श्रेणी. कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढेच ती पाहते. शंखजिरे १, कुरुविंद ९ आणि हिरा १०. काठिण्य पुढे उपकरणांनी मोजले गेले, तेव्हा ९ आणि १० मधले अंतर १ आणि ९ मधल्या अंतराहूनही मोठे निघाले. मोह्स यांच्या आकड्यांत यातले काही दिसत नाही आणि त्यांनी तसा दावाही केला नव्हता.

तिसरी अंतरालश्रेणी. इथे पायऱ्या सारख्या असतात, पण शून्य आपण सोयीने ठेवलेले असते. सेल्सिअस तापमान हे तिचे नेहमीचे उदाहरण आणि याच ठिकाणी सुशिक्षित माणसेही चुकतात. पहाटे २० अंश आणि दुपारी ४० अंश असले, तर दुपारी दुप्पट ऊन आहे असे सहज म्हटले जाते. तेच फॅरनहाइटमध्ये मांडले तर ६८ आणि १०४, म्हणजे सुमारे दीडपट. केल्विनमध्ये २९३ आणि ३१३, म्हणजे फक्त सात टक्के जास्त. हवा तीच आहे. सरासरी मात्र इथे निर्धास्त काढावी, कारण आठवड्याची सरासरी सेल्सिअसमध्ये काढून फॅरनहाइटमध्ये नेली काय किंवा आधी रोजचे आकडे बदलून मग काढली काय, उत्तर एकच येते. प्रमाण विचलनही चालते. पण विचरण गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, चालत नाही. सरासरी २५ आणि प्रमाण विचलन ५ असेल, तर तो २० टक्के येतो. हेच आकडे फॅरनहाइटमध्ये ७७ आणि ९ होतात आणि गुणांक १२ टक्क्यांच्या खाली उतरतो. एका गावाचे हवामान दुसऱ्याहून किती लहरी, हे या गुणांकाने सांगणारा तक्ता दिसला, तर तापमान कोणत्या एककात होते हे आधी पाहावे.

वजन, लांबी, कालावधी, उत्पन्न ही चौथी, गुणोत्तरश्रेणी. शून्य म्हणजे खरोखर काही नाही. किलोचे पौंड केले तरी दुप्पट ते दुप्पटच राहते. इथे सगळे गणित मोकळे.

आता पुन्हा आपल्या गोळ्यांकडे. क्रमश्रेणीत काय टिकते? सर्वांना कमी दुखण्यापासून जास्तीकडे रांगेत उभे केले, तर मधला, सहावा माणूस पहिल्या गटात ‘मध्यम’ म्हणतो आणि दुसऱ्यात ‘थोडे’. हा मध्यक. आकडे कसेही द्या, रांग तीच राहते, म्हणून तोही तोच राहतो. दुसरा मार्ग जोड्या लावण्याचा. पहिल्या गटातला प्रत्येक रुग्ण दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासमोर उभा केला तर १२१ जोड्या होतात. त्यांतल्या ५९ जोड्यांत पहिल्या गटातल्याला जास्त दुखते, ४३ मध्ये दुसऱ्या गटातल्याला आणि १९ मध्ये दोघे सारखे. मान-व्हिटनी चाचणी ही मोजदाद घेऊनच चालते. एवढ्या लहान गटांत ५९ विरुद्ध ४३ हा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो, त्यामुळे यावर गोळी निवडू नये.

पण मला यात सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी तपासणी. दोन्ही गटांत प्रत्येक पायरीवर किंवा तिच्या वर किती जण आहेत ते मोजायचे. ‘थोडे’ किंवा त्याहून जास्त दुखणारे पहिल्या गटात ११, दुसऱ्यात ८. ‘मध्यम’ किंवा जास्त, ८ आणि ५. इथपर्यंत पहिला गट पुढे. ‘खूप’ किंवा जास्त, २ आणि ४. ‘असह्य’, शून्य आणि २. मध्येच पारडे फिरले. असे फिरले की सरासरीचा कौल दिलेल्या आकड्यांवर ठरतो. क्रम पाळूनच वेगळे आकडे निवडून तो हवा तसा फिरवता येतो. पारडे कुठेच फिरले नाही, तर क्रम पाळणारे कोणतेही आकडे द्या, सरासऱ्यांचा क्रम तोच राहतो आणि कोणता गट वरचढ हे तरी निःशंक सांगता येते. किती वरचढ, हे तेव्हाही सांगता येत नाही.

आपल्या उदाहरणात मध्यकही अपुरा आहे. दुसरी गोळी निम्म्याहून जास्त जणांना चांगली लागू पडली आणि दोघांना अजिबात नाही. डॉक्टरांना कळायला हवे ते नेमके हेच. ते सांगायला पाच शब्दांपुढे पाच मोजण्या, एवढा तक्ता पुरतो.

या नियमांना विरोधही झाला आणि तो ऐकण्यासारखा आहे. १९५३ साली फ्रेडरिक लॉर्ड यांनी एक काल्पनिक गोष्ट लिहिली. फुटबॉलच्या जर्सीवरचे क्रमांक यंत्रातून विकले जातात. पहिल्या वर्षाच्या मुलांची तक्रार असते की आम्हालाच लहान आकडे आले, कोणीतरी यंत्रात ढवळाढवळ केली. संख्याशास्त्रज्ञ सरळ त्या क्रमांकांची सरासरी काढतो आणि दाखवतो की इतकी कमी सरासरी निव्वळ दैवाने येणे जवळपास अशक्य आहे. जर्सीचे क्रमांक नामश्रेणीतले, तरी उत्तर बरोबर आले. कारण प्रश्न खेळाडूंबद्दल नव्हता, यंत्रातून निघणाऱ्या आकड्यांबद्दल होता. म्हणजे पातळी ही आकड्यांच्या रकान्यावर कायमची मारलेली मोहर नसते, ती आपण विचारलेल्या प्रश्नाबरोबर ठरते.

स्टीव्हन्सही तितके कठोर नव्हते. मानसशास्त्रातल्या बहुतेक श्रेण्या क्रमश्रेण्याच आहेत आणि काटेकोर पाहिले तर त्यांवर सरासरी काढू नये, असे त्यांनी त्याच लेखात म्हटले. पण अशा गणितातून कामाचे निष्कर्ष निघाल्याचेही मान्य केले. रेन्सिस लिकर्ट यांच्या १९३२ सालच्या पद्धतीत मुळात अनेक विधानांच्या गुणांची बेरीज असते. वीस विधानांची बेरीज बरीच बारीक पायऱ्यांची होते आणि तिची सरासरी घेण्यात धोका कमी. आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या प्रबंधांत मात्र एकेका विधानाची सरासरी दोन दशांशांपर्यंत देऊन ३.४२ हे ३.३८ पेक्षा जास्त समाधान ठरवले जाते, ते मला पटत नाही. तिथे ‘सहमत’ किती आणि ‘पूर्ण सहमत’ किती हे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला जास्त कळले असते. सरासरी द्यायचीच, तर पाच पर्यायांना क्रम न मोडता आणखी दोन-तीन तऱ्हांनी आकडे देऊन गणित पुन्हा करावे, आणि निष्कर्ष कोणत्या आकड्यांवर टिकला, कोणत्या आकड्यांवर फिरला, ते त्याच तक्त्याखाली छापावे.